बयानाचा शेवट : घोषणा की शांतता?



आपल्या वस्तीतील एखाद्या जलशाचा शेवट आठवून पाहा. वक्ता दीड तास बोललेला असतो. अखेरच्या पाच मिनिटांत त्याचा आवाज चढू लागतो, वाक्ये आखूड होतात, आणि शेवटच्या वाक्यावर मंडपाच्या मागच्या बाजूने कोणीतरी नारा-ए-तकबीर देतो. सारा मंडप एका आवाजात उत्तर देतो. वक्ता कपाळ पुसतो, कमिटीचे सदस्य त्याच्या हातात हात देतात आणि लोक चपला शोधू लागतात. बयान ‘जमले’, असा सर्वांचा अभिप्राय असतो.

मीही अशी बयाने केली आहेत आणि असे अभिप्राय आनंदाने घरी नेले आहेत. काही वर्षांपूर्वी एका गावात रबीउल अव्वलच्या जलशात मी वारसाहक्कावर बोललो. सूरह निसामध्ये अल्लाहने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. तो भावाच्या मर्जीवर सोडलेला नाही, हे मी सविस्तर मांडले. शेवट अर्थातच घोषणेने झाला, आणि ती जोरदार झाली. मी मंचावरून उतरत असताना पडद्यामागून एका वृद्ध भगिनीने लहान मुलाकरवी निरोप पाठवला : “मौलाना, बयान फार चांगले झाले. सर्वांत मोठ्याने नारा देणारे माझेच भाऊ होते. माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारेही तेच.”

त्या निरोपावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही मी त्या भावांना ढोंगी म्हणणार नाही. त्यांनी अल्लाहचे मोठेपण मनापासून उच्चारले असेल. दोष कुठे होता, हे मला उशिरा कळले. ज्या क्षणी त्यांच्या मनात बहिणीचे नाव यायला हवे होते, त्याच क्षणी मी त्यांच्या हाती एक सामुदायिक उद्गार दिला. माझ्या शब्दांनी त्यांच्यावर एक कर्ज दाखवले होते, आणि त्या घोषणेत त्यांना ते फेडल्यासारखे वाटले. आपण सत्याच्या बाजूने आहोत हे चारचौघांत सांगून झाल्यावर घरी जाऊन करण्यासारखे काही उरत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तकबीर ही जिक्र आहे. जिलहिज्जाच्या दिवसांत फर्ज नमाजांनंतर ती मोठ्या आवाजात म्हटली जाते, ईदगाहच्या वाटेवर म्हटली जाते, आणि तिच्याविना ईद ही ईद वाटत नाही. प्रश्न तकबीरचा नसून तिच्या जागेचा आहे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्या हदीसमध्ये एका प्रवासाचा प्रसंग येतो. सहाबा मोठमोठ्याने तकबीर म्हणू लागले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना स्वतःवर दया करण्यास सांगितले. ज्याला तुम्ही हाक मारत आहात तो बहिरा नाही आणि दूरही नाही, असा त्या उपदेशाचा आशय आहे. तकबीर म्हणणारे सहाबा होते, उच्चारलेले शब्द पवित्र होते, तरीही आवाजाला मर्यादा घातली गेली. तेव्हा शब्द पवित्र आहे एवढ्यावरून तो कोठेही, कसाही उच्चारणे योग्य ठरत नाही.

मग बयानाचा शेवट कसा करावा? मी जो मार्ग धरला तो सांगतो, आणि त्यात जो नैतिक पेच आहे तोही सांगतो. मार्ग असा : शेवटचे वाक्य बोलून वक्त्याने थांबावे, काही क्षण काहीही बोलू नये, आणि मग हलक्या आवाजात छोटी दुआ करून सलाम करावा. पेच असा : ही शांतता मी आधी कागदावर लिहून आणतो. किती वेळ थांबायचे, नजर कोठे ठेवायची, हे घरी बसून ठरवतो. मग ही शांतता खरी की नाटकी? जी गोष्ट अंतःकरणातून यावी ती कागदावरून वाचणे हा रिया, म्हणजे दिखावा, तर नव्हे?

हा प्रश्न एका तरुण आलिमांनी मला विचारला, आणि तो टाळण्यासारखा नाही. उत्तर शोधताना मी प्रथम आपल्याच परंपरेकडे वळलो.

अंतिम हजच्या वेळी, हिजरी १० मध्ये, कुर्बानीच्या दिवशी मिना येथे प्रेषितांनी (स.) जे प्रवचन दिले त्याचे वर्णन हजरत अबू बकरा (रजि.) यांनी केले आहे, आणि ते सहीह बुखारीत आहे. प्रेषितांनी लोकांना विचारले की आज कोणता दिवस आहे. उत्तर प्रत्येकाला माहीत होते. तरीही सहाबांनी म्हटले की अल्लाह आणि त्याचे प्रेषितच अधिक जाणतात. त्यावर प्रेषित गप्प राहिले. ते इतका वेळ गप्प राहिले की, वर्णन करणारे सांगतात, आम्हांला वाटले ते या दिवसाला काही वेगळेच नाव देणार. मग त्यांनी दिवसाचे नाव घेतले. पुढे महिन्याबद्दल विचारले आणि पुन्हा शांतता. शहराबद्दल विचारले आणि पुन्हा शांतता. तीन प्रश्न आणि तीन विराम झाल्यावर मूळ गोष्ट आली : तुमचे प्राण, तुमची संपत्ती आणि तुमची अब्रू ही परस्परांसाठी तितकीच पवित्र आहेत, जितका हा दिवस, हा महिना आणि हे शहर.

त्या शांततेने काय साधले ते पाहा. रोजच्या ओळखीचा दिवस क्षणभर अनोळखी झाला. ऐकणाऱ्याच्या मनात जागा रिकामी झाली आणि त्या रिकाम्या जागेत दुसऱ्याच्या संपत्तीचे पावित्र्य ठेवले गेले. शेवटी प्रेषितांनी विचारले की मी संदेश पोहोचवला का. लोकांनी होकार दिला, तेव्हा त्यांनी अल्लाहला साक्षी ठेवले आणि उपस्थितांवर अनुपस्थितांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे ऐकणारा निघाला तो काम अंगावर घेऊन निघाला. या प्रसंगातले विराम विषयाच्या आरंभी आहेत, अखेरीस नाहीत, हे मान्य केले पाहिजे. त्यातून मी एवढेच घेतो की बोलणाऱ्याचे थांबणे हाही शिकवण्याचा एक भाग असू शकतो.

दुसरा दाखला तर दर शुक्रवारी आपल्या डोळ्यांसमोर असतो. इमाम पहिला खुत्बा संपवून मिंबरवर क्षणभर बसतात आणि मग दुसऱ्या खुत्ब्यासाठी उठतात. ही बैठक प्रेषितांच्या आचरणातून आलेली आहे. शाफई मतानुसार ती आवश्यक आहे, हनफी मतानुसार सुन्नत आहे. फकीहांनी तिचे मापही दिले आहे : शाफई ग्रंथांत सूरह इखलास पठण करण्याइतका वेळ, हनफी ग्रंथांत तीन आयतींइतका. कोणीही असे म्हणत नाही की ही शांतता ठरलेली आहे म्हणून खोटी आहे. नमाजचे रुकू आणि सजदे ठरलेले आहेत, म्हणून त्यांतील विनम्रता खोटी ठरत नाही. ठरवलेले असणे आणि खोटे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग दिखावा कोठे सुरू होतो? मला सापडलेली कसोटी साधी आहे : ही शांतता कोणासाठी आहे? वक्ता थांबतो आणि त्या थांबण्यात स्वतःचा कंप, स्वतःचे दाटलेले डोळे, स्वतःचे चिंतन लोकांना दाखवतो, तेव्हा शांतता त्याच्यासाठी असते. तो मंचावर असतानाच आपली नजर खाली घेतो आणि लोकांना त्यांच्या घरातल्या गोष्टीपाशी सोडतो, तेव्हा ती ऐकणाऱ्यासाठी असते. म्हणून मी माझ्यासाठी एक नियम केला. थांबण्याची जागा कागदावर लिहावी. गहिवर लिहू नये. पहिली गोष्ट वेळेचे नियोजन आहे, दुसरी भावनेची बनावट. ‘येथे आवाज कापरा करावा’ असे ज्या वक्त्याच्या कागदावर लिहिलेले असेल, त्याने तो कागद फाडून टाकावा.

उलट, लिहून आणल्याचा एक फायदा मला अनुभवाने कळला. शेवटच्या वाक्यानंतर मंडप गप्प झाला की वक्त्याच्या नफ्सला भीती वाटू लागते. लोकांना आवडले नाही का? मी विसरलो असे त्यांना वाटेल का? तीन सेकंदांत तो आणखी एक वाक्य जोडतो, मग एक शेर, मग घोषणा. त्या क्षणी माझ्या नफ्सला निर्णय घेऊ दिला, तर तो नेहमी टाळ्यांच्या बाजूने निर्णय घेईल. आदल्या रात्री, समोर कोणी नसताना, कागदावर लिहिलेला निर्णय मला त्या भीतीपासून वाचवतो.

आता तो कागद कसा असतो ते सांगतो, कारण ‘थांबावे’ एवढे लिहून काम होत नाही.

वारसाहक्काच्या त्याच विषयावर पुढे एकदा मला दुसऱ्या गावात बोलायचे होते. शेवटच्या पानावर आधी एक उदाहरण लिहिले. एक मनुष्य वारला. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. कर्ज आणि वसियत भागवल्यावर ३२ गुंठे जागा उरली. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ४ गुंठे. उरले २८. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून मुलाचे १४ आणि प्रत्येक मुलीचे ७. हे आकडे मुद्दाम घेतले, कारण ते बोटांवर मोजता येतात. हिशेब समजण्यात मन गुंतून पडले तर शांततेत पुढचा विचार होत नाही.

त्यानंतर शेवटचे वाक्य. प्रथम मी लिहिले होते : “आपण आपल्या बहिणीला तिचे ७ गुंठे दिले आहेत का, बंधूंनो?” मोठ्याने वाचून पाहिल्यावर दोष दिसला. मराठीत ‘का’वर आवाज वर जातो आणि ऐकणाऱ्याकडून जाहीर उत्तर मागतो. त्यापुढे ‘बंधूंनो’ आले की ती घोषणेला दिलेली हाकच ठरते. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि तेथे आवाज आपोआप खाली टेकतो. ही मोठी सोय आहे. म्हणून वाक्य बदलले : “वडील गेल्यानंतर आपल्या घरात बहिणीच्या वाट्याचे काय झाले, ते आठवा.” त्यात आरोप नाही, हात वर करायला सांगितलेले नाही, आणि उत्तर प्रत्येकाचे वेगळे आहे. शांततेआधीचा प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असेल. ‘उम्मत कोठे चालली आहे?’ यासारखा प्रश्न विचारून थांबलात, तर लोक घड्याळाकडे पाहतील.

त्या वाक्याखाली कागदावर ही सूचना होती : “थांबणे. मनात बिस्मिल्लाहसह सूरह इखलास एकदा. नजर कागदावर. हात माईकला लावू नये. मग दुआ, दोन वाक्ये. सलाम.” खुत्ब्यातील बैठकीचे माप मी येथे वापरले. सूरह इखलास मनात सावकाश म्हटली तर सुमारे दहा-बारा सेकंद लागतात. कागदावर हे थोडके वाटते. माईकसमोर ते फार लांब असते. यापेक्षा कमी थांबलात तर लोकांना वाटते की वक्ता श्वास घेत आहे. फार लांबवले तर खोकले सुरू होतात, मागची मुले हसतात, आणि लोक विषय सोडून वक्त्याकडे पाहू लागतात. माना वर झाल्या की समजावे, शांतता त्यांच्या हातून निसटून आपल्याकडे आली.

पहिला प्रयत्न फसला, हेही सांगितले पाहिजे. मी थांबलो आणि चौथ्या सेकंदाला सूत्रसंचालकांना वाटले की बयान संपले. त्यांनी दुसऱ्या माईकवरून जेवणाची आणि चंद्याची घोषणा सुरू केली. चूक त्यांची नव्हती. मी त्यांना काही सांगितलेच नव्हते. तेव्हापासून बयानाआधी मी तिघांशी बोलतो. सूत्रसंचालकांना सांगतो की मी सलाम करेपर्यंत माईक घेऊ नये. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याला सांगतो की शेवटच्या पानाआधी इको बंद करावा, नाहीतर शेवटचा शब्दच दोनदा घुमतो आणि शांतता सुरू होत नाही. आणि जे तरुण नेहमी नारा देतात त्यांना प्रेमाने सांगतो की आज शेवटी दुआ आहे, तिला आमीन म्हणा. कमिटीला हवी असेल तर तकबीर बयानाच्या आरंभी होऊ द्यावी. त्या मुलांनी आजवर कधीही हट्ट केलेला नाही. त्यांना जागा हवी असते, आणि आमीन ही जागा नारेपेक्षा उणी नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. जुमाच्या अरबी खुत्ब्यात अशी नवी शांतता घालू नये. त्याचे स्वरूप ठरलेले आहे, त्यानंतर लगेच इकामत होते, आणि तेथे ऐकणाऱ्याने गप्प राहणे आधीच बंधनकारक आहे. शेजाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणणेही तेथे वावगे मानले आहे. ही रीत खुत्ब्याआधीच्या मराठी किंवा उर्दू बयानात, जलशात, इज्तिमात वापरावी. तेही दर वेळी नको. मासिक इज्तिमात दर वेळी वक्ता एकाच ठिकाणी थांबू लागला, तर लोक ती शांतता ओळखतील आणि तीही एक घोषणाच होऊन बसेल.

याहून मोठी मर्यादा श्रद्धेची आहे. शांतता ही स्वतः इबादत नाही. हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्या कथनात अबू इस्राईल नावाच्या एका मनुष्याचा उल्लेख येतो. त्याने उन्हात उभे राहण्याची, न बसण्याची, न बोलण्याची आणि रोजा ठेवण्याची मन्नत केली होती. प्रेषितांनी (स.) त्याला बोलण्यास, सावलीत येण्यास आणि बसण्यास सांगितले, रोजा मात्र पूर्ण करायला लावला. मौन पाळणे हे पुण्य म्हणून स्वीकारले गेले नाही. म्हणून वक्त्याने ‘आता सर्वांनी दहा सेकंद शांतता पाळूया’ असे जाहीर करू नये. तसे केले की ती एक विधी बनते, आणि विधी घडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण फक्त बोलणे थांबवावे. शांततेला नाव देऊ नये, आणि तिचा शेवट दुआने करावा, म्हणजे माणूस स्वतःच्या विचारांपाशी न थांबता अल्लाहकडे वळेल.

एक आक्षेप उरतो. लोकांना उत्साह लागतो. शांततेने घरी गेलेला माणूस उदास होऊन जाईल, असे काही ज्येष्ठ म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. संकटात सापडलेल्या, घाबरलेल्या लोकांना धीर देताना मी त्यांना प्रश्नापाशी एकटे सोडणार नाही. तेथे शब्दच हवेत. पण जेथे विषय दुसऱ्याच्या हक्काचा आहे, तेथे ऐकणाऱ्याला थोडे अस्वस्थ होऊन जाऊ देणे हाच त्याच्यावरचा उपकार आहे. हिशेबाच्या दिवशी त्याच्याबरोबर मंडप नसेल. तेव्हा विचारला जाणारा प्रश्न आज दहा सेकंद त्याच्यासमोर ठेवला, तर त्याचे नुकसान होत नाही.

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी ती शांतता पार पडली. कोणी रडले नाही, कोणी माझी प्रशंसा केली नाही. एकजण तर म्हणाले की आजचा शेवट थोडा थंड झाला. इशानंतर एक गृहस्थ मशिदीच्या पायरीवर थांबले होते. त्यांनी विचारले, “मौलाना, आई हयात नसेल तर ते ३२ गुंठे कसे वाटायचे?” मी सांगितले, “मग चार वाटे होतात. मुलाचे १६, मुलींचे आठ-आठ.” त्यांनी ते आकडे दोनदा म्हणून पाहिले आणि निघून गेले. पुढे त्यांनी काय केले, हे मी विचारले नाही. तो हिशेब त्यांच्या आणि त्यांच्या रबच्या दरम्यानचा आहे.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकजण मंचासमोर बसणारे आहात. पुढच्या वेळी एखादा वक्ता शेवटी थांबला, तर त्याला विसर पडला असे समजून नारा देऊ नका. ती वेळ त्याने आपल्यासाठी ठेवली आहे. त्या वेळेत ज्याचे देणे आहे त्याचे नाव मनात येऊ द्या.

अल्लाह आम्हां बोलणाऱ्यांना दिखाव्यापासून वाचवो, आणि ऐकलेले आपल्या घरापर्यंत नेण्याची तौफिक सर्वांना देवो. आमीन.